जपानीत नामाआधी येणारं वाक्य: ‘गा’ कधी, ‘नो’ कधी

‘कामि गा नागाइ हितो’ आणि ‘कामि नो नागाइ हितो’. कामि म्हणजे केस, नागाइ म्हणजे लांब, हितो म्हणजे माणूस. दोन्हींचा अर्थ एकच, लांब केसांची व्यक्ती. दोन्ही बरोबर आहेत आणि जपानी माणूस दोन्ही बोलतो. मग शिकणारा साहजिकच ठरवतो की ‘गा’ आणि ‘नो’ हवे तसे बदलता येतात. आणि चार दिवसांनी ‘तोमोदाचि नो कासा ओ कात्ता मिसे’ असं लिहून बसतो. म्हणायचं असतं ‘मैत्रिणीने छत्री घेतली ते दुकान’. वाचणाऱ्याला मात्र कळतं ‘मैत्रिणीची छत्री विकत घेणारं दुकान’.

ही अदलाबदल कुठे चालते, कुठे चालत नाही आणि मुळात का होते, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. उदाहरणांसाठी एकच छत्री शेवटपर्यंत वापरतो. म्हणजे शब्द तेच राहतील आणि फक्त रचना बदलताना दिसेल. जपानी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत: तोमोदाचि (मित्र, मैत्रीण), कासा (छत्री), कात्ता (विकत घेतली), मिसे (दुकान), किनो (काल), एकि (स्टेशन).

पहिली पायरी: आधी साधं वाक्य मांडा

थेट विशेषण रचायला जाऊ नका. आधी पूर्ण वाक्य लिहा:

तोमोदाचि गा किनो मिसे दे कासा ओ काइमाशिता.
(मैत्रिणीने काल दुकानात छत्री विकत घेतली.)

इथे ‘गा’ कर्ता दाखवतो, ‘ओ’ कर्म दाखवतो आणि ‘दे’ क्रियेचं ठिकाण सांगतो. या वाक्यात तीन नामं आहेत: मैत्रीण, दुकान आणि छत्री. त्यांपैकी कुठलंही एक उचलून शेवटी ठेवता येतं. उरलेलं वाक्य मग त्याचं विशेषण बनतं. छत्रीबद्दल बोलायचं असेल तर ‘कासा ओ’ जागेवरून काढायचं आणि ‘कासा’ शेवटी न्यायचं.

तोमोदाचि गा किनो मिसे दे कात्ता कासा
(मैत्रिणीने काल दुकानात घेतलेली छत्री)

मराठी माणसाला ही रचना जड जाऊ नये, कारण ‘घेतलेली छत्री’, ‘काल आलेला पाहुणा’ असं आपणही नामाच्या आधीच बोलतो. ‘जी छत्री… ती छत्री’ ही आपली दुसरी पद्धत मात्र जपानीत नाही. जो-तो, जिथे-तिथे हे सगळं विसरायचं. दुकान शेवटी नेलं तर ‘तोमोदाचि गा कासा ओ कात्ता मिसे’ एवढंच होतं. ‘ज्या दुकानात’ मधला ‘त’ कुठेही उरत नाही, तो ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजायचा असतो.

दुसरी पायरी: क्रियापद उतरवा, मध्ये काही घालू नका

‘काइमाशिता’ हे आदरार्थी रूप नामाच्या आधी येत नाही, तिथे साधं ‘कात्ता’ वापरायचं. आदर दाखवायचा तो अख्ख्या वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदात दाखवला की पुरतो. क्रियापद आणि नाम यांच्यामध्येही काही येत नाही. ‘कात्ता नो कासा’ चूक.

ही चूक मराठी बोलणाऱ्याकडून सहज होते आणि त्याचं कारण आपल्या ‘जायची वेळ’, ‘करायचं काम’ या प्रयोगांत आहे. तिथे क्रियापदाला ‘चा-ची-चे’ लागलेला असतो, म्हणून जपानीत ‘इकु नो जिकान’ म्हणावंसं वाटतं. योग्य रूप ‘इकु जिकान’ (जायची वेळ). क्रियापद जसंच्या तसं नामाला चिकटतं.

एका प्रकारात मात्र नामाआधीचं रूप खरोखर बदलतं. ‘शिझुका दा’ म्हणजे शांत आहे, पण शांत गाव म्हणताना ‘शिझुका ना माचि’. नाम-विधेय असेल तर ‘इशा दा’ (डॉक्टर आहे) याचं ‘इशा नो’ होतं. ‘इशा नो चिचि’ म्हणजे डॉक्टर असलेले वडील. हा ‘नो’ लक्षात ठेवा, पुढे तो गोंधळ घालणार आहे.

तिसरी पायरी: ‘वा’ बाहेर ठेवा

‘गा’ की ‘नो’ या प्रश्नाआधी ‘वा’चा निकाल लावायला हवा, कारण सुरुवातीला सर्वांत महागात पडते ती हीच चूक. ही दोन वाक्यं पाहा:

तोमोदाचि गा कात्ता कासा ओ नाकुशिमाशिता.
तोमोदाचि वा कात्ता कासा ओ नाकुशिमाशिता.

नाकुशिमाशिता म्हणजे हरवली. पहिल्या वाक्यात मैत्रिणीने घेतलेली छत्री ‘मी’ हरवली. ‘मी’ सांगितलेलं नाही, पण तेच समजतं. दुसऱ्या वाक्यात मैत्रिणीने स्वतःच घेतलेली छत्री स्वतःच हरवली. एका अक्षरामुळे छत्री हरवणारी व्यक्ती बदलली. ‘वा’ वाक्याचा विषय सांगतो, म्हणून तो छोट्या आतल्या वाक्यात थांबत नाही. तो सगळं ओलांडून शेवटच्या क्रियापदाला जाऊन लागतो. ‘गा’ मात्र जवळच्या क्रियापदाशी, म्हणजे ‘कात्ता’शी बांधलेला राहतो. एरवी कर्त्याला ‘वा’ लावायची सवय असेल तरी नामाआधीच्या वाक्यात तो ‘गा’ होतो. (तुलना करताना आतही ‘वा’ येऊ शकतो, पण ते नंतर शिकलं तरी बिघडत नाही.)

चौथी पायरी: ‘गा’च्या जागी ‘नो’ बसतो का ते तपासा

आता मूळ मुद्दा. आजच्या जपानीत कर्त्याचं खरं चिन्ह ‘गा’ आहे. नामाआधीच्या वाक्यात त्या जागी ‘नो’ येऊ शकतो. येऊ शकतो, यावाच असं नाही. जपानी व्याकरणात याला ‘गा-नो कोताइ’, म्हणजे गा-नोची अदलाबदल म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ शिन-इचि हारादा यांनी 1971 मध्ये यावर लिहिलेला शोधनिबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. वेगवेगळ्या जपानी माणसांना वेगवेगळी वाक्यं चालतात, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच मांडली होती. त्यामुळे कुणी जपानी मित्र ‘हे बरोबर वाटतं’ म्हणाला आणि दुसरा ‘मी असं म्हणणार नाही’ म्हणाला, तर दोघेही खरं बोलत असतात.

तपासणी अशी करायची.

सगळ्यात आधी, ते वाक्य खरंच नामाला लागलंय का? ‘आमे नो फुरु हि’ (पाऊस पडतो तो दिवस) चालतं, कारण फुरु हे ‘हि’ या नामाला लागलेलं आहे. ‘आमे नो फुरिमासु’ असं स्वतंत्र वाक्य प्रमाण भाषेत चालत नाही. ‘आमे गा फुरु कारा’ (पाऊस पडतोय म्हणून) इथेही ‘नो’ नाही, कारण ‘कारा’ हे नाम नाही. आणि एक खोडी: ‘तो इउ’ मध्ये आलं की दार बंद. ‘पाऊस पडणार ही बातमी’ हे ‘आमे गा फुरु तो इउ न्यूसु’ असंच म्हणायचं. शेवटी नाम आहे हे खरं, पण ‘फुरु’ त्याला थेट लागलेलं नाही, मध्ये ‘तो इउ’ आहे.

मग, आत ‘ओ’ असलेलं कर्म आहे का? असेल तर ‘नो’ नाही. हा नियम शिकण्यासारखा आहे, म्हणून छत्रीवर नीट पाहू.

तोमोदाचि गा कात्ता कासा: बरोबर
तोमोदाचि नो कात्ता कासा: बरोबर
तोमोदाचि गा कासा ओ कात्ता मिसे: बरोबर
तोमोदाचि नो कासा ओ कात्ता मिसे: या अर्थाने चूक

पहिल्या जोडीत छत्री स्वतःच शेवटी गेली, त्यामुळे आत ‘ओ’ उरला नाही. दुसऱ्या जोडीत शेवटी दुकान आहे आणि छत्री ‘ओ’सह आत बसली आहे. तिथे ‘नो’ला जागा नाही. वाटेल की ‘मैत्रिणीची छत्री’ असा दुसरा अर्थ निघतो म्हणून हे टाळत असतील. पण मध्ये ‘किनो’ घालून तो अर्थ मोडला, ‘तोमोदाचि नो किनो कासा ओ कात्ता मिसे’ असं केलं, तरी जपानी कानाला ते खटकतंच. म्हणजे केवळ गैरसमजाची भीती हे कारण नाही. खरं कारण काय यावर भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही. नियम मात्र पक्का आहे.

मराठी बोलणाऱ्याने इथे विशेष सावध राहावं, कारण आपली भाषा हे सहज खपवून घेते. ‘मुलाचं आंबा खाणं’ यात कर्त्याला ‘चं’ लागलंय आणि आंबा हे कर्मही आत आहे, तरी आपल्याला काही वावगं वाटत नाही. त्या सवयीने ‘नो’ लावला तर जपानीत वाक्य कोसळतं.

शेवटी, कर्ता आणि क्रियापद जवळजवळ आहेत का? ‘तोमोदाचि नो कात्ता कासा’ यात मध्ये काहीच नाही, म्हणून ते सुरळीत जातं. ‘तोमोदाचि नो किनो कात्ता कासा’ हेही बहुतेकांना चालतं. पण ‘तोमोदाचि नो किनो एकि नो माए नो मिसे दे कात्ता कासा’ म्हणजे काल स्टेशनसमोरच्या दुकानातून घेतलेली छत्री. इथे वाचणारा दोनदा अडखळतो. एक तर ‘नो’ला त्याचं क्रियापद सापडायला फार वेळ लागतो. दुसरं म्हणजे मध्ये आणखी दोन ‘नो’ आहेत, त्यामुळे पहिला कुणाचा हे कळत नाही. अशा वेळी ‘गा’ लावला की कर्ता लगेच कळतो. लांब वाक्यात ‘गा’ जास्त का दिसतो याचं रोजचं कारण हे आहे.

‘इशा नो’मधला ‘नो’ इथे आणखी त्रास देतो. ‘चिचि गा इशा नो तोमोदाचि’ म्हणजे जिचे वडील डॉक्टर आहेत ती मैत्रीण. इथे ‘गा’ बदलून ‘चिचि नो इशा नो तोमोदाचि’ केलं तर ऐकणाऱ्याला वडिलांच्या डॉक्टरांची मैत्रीण ऐकू येते.

‘नो’ मुळात तिथे आला कसा

नियम पाठ केले तरी चालतं. पण मागचा इतिहास कळला की ते आपोआप लक्षात राहतात.

जुन्या जपानीत ‘गा’ आणि ‘नो’ दोन्ही षष्ठीचे प्रत्यय होते, दोघांचंही काम आपल्या ‘चा-ची-चे’चं. जपानचं राष्ट्रगीत ‘किमि गा यो’ यातला ‘गा’ कर्त्याचा नाही. त्याचा अर्थ ‘आपलं राज्य’, ‘आपला काळ’ असा आहे. ‘सेकिगाहारा’ या 1600 सालच्या प्रसिद्ध लढाईच्या गावाच्या नावात, किंवा तोक्योतल्या ‘कासुमिगासेकि’ या सरकारी कचेऱ्यांच्या भागाच्या नावात तोच जुना ‘गा’ आहे. ‘वागा’ (माझा, आमचा) हा शब्दही त्यातलाच. ढोबळ भेद असा होता की स्वतःसाठी आणि जवळच्यांसाठी ‘गा’, तर परक्यांसाठी आणि आदरणीयांसाठी ‘नो’.

त्या काळी स्वतंत्र वाक्यातल्या कर्त्याला बहुधा काहीच चिन्ह नसे. पण वाक्य नामाला जोडलं गेलं की त्याच्या कर्त्याला ‘गा’ किंवा ‘नो’ लागत असे. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ‘आई ओरडते’ म्हणताना आईला काही लागत नाही. पण ते ओरडणं नामासारखं झालं की ‘आईचं ओरडणं’ होतं. ‘माझं जेवून झालं’, ‘तुझं बोलणं’, ‘पावसाचं पडणं’, या सगळ्यांत कर्ता षष्ठीत जातो. जुनी जपानी हेच करत होती.

क्रियापदाचीही तेव्हा दोन रूपं होती, एक वाक्य संपवणारं आणि एक नामाला लागणारं. इ.स. 1000 च्या सुमारास सेइ शोनागोन हिने लिहिलेल्या ‘माकुरा नो सोशि’च्या अगदी सुरुवातीला वसंतातल्या पहाटेचं वर्णन आहे. त्यात ‘कुमो नो होसोकु तानाबिकितारु’ असे शब्द येतात, म्हणजे ढग बारीक रेघांनी पसरलेले. ‘कुमो’ कर्ता आहे आणि त्याला ‘नो’ लागला आहे. ‘तारु’ हे नामाला लागणारं रूप आहे, पण पुढे नाम आलेलंच नाही, वर्णन तिथेच सोडून दिलं आहे. वाक्य असं नामाला लागणाऱ्या रूपावर संपवण्याची लकब पुढच्या शतकांत वाढत गेली. शेवटी तेच रूप नेहमीचं झालं आणि वाक्य संपवणारं जुनं रूप मागे पडलं. आज क्रियापदांत हा भेद उरलेला नाही. ‘दा’ आणि ‘ना’ या जोडीत तेवढा तो दिसतो.

हे घडत असताना ‘गा’ नामाला लागणाऱ्या वाक्यांतून बाहेर पडला आणि स्वतंत्र वाक्यातल्या कर्त्याचं चिन्ह बनला. षष्ठीचं काम त्याने जवळजवळ सोडलं. ‘नो’ मात्र षष्ठीतच राहिला आणि कर्ता म्हणून त्याची जुनी जागा एवढीच उरली, नामाच्या आधीची. आता दोघे एकाच जागी उभे दिसतात. त्यांत ‘गा’ला सगळीकडे मुभा आहे आणि ‘नो’ला इथेच. नव्या-जुन्याच्या या ओढाताणीत ‘गा’ अजूनही पुढे सरकतो आहे. तरुण पिढीत कर्त्याच्या ‘नो’चा वापर आधीच्या पिढ्यांपेक्षा कमी होत आला आहे.

पाचवी पायरी: वाचताना ‘नो’ ओळखा

स्वतः बोलताना अडलात तर ‘गा’ लावा, नामाआधीच्या वाक्यात तो जवळपास कुठेही चालतो. वाचताना ही सोय नसते. समोर आलेला ‘नो’ कुणाचा आहे हे ठरवावंच लागतं. त्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी युक्ती म्हणजे ‘नो’च्या जागी ‘गा’ ठेवून पाहणे. अर्थ टिकला तर तो कर्ता, अर्थ हास्यास्पद झाला तर ती षष्ठी.

‘हाहा नो कोवारेता तोकेइ’ घ्या. हाहा म्हणजे आई, कोवारेता म्हणजे मोडलं, तोकेइ म्हणजे घड्याळ. ‘हाहा गा कोवारेता’ केलं तर आईच मोडली. म्हणून इथे ‘आईचं मोडलेलं घड्याळ’ असं वाचायचं. याउलट ‘हाहा नो त्सुकुत्ता केकि’ याचं ‘हाहा गा त्सुकुत्ता’ केलं तरी ‘आईने केलेला केक’ हाच अर्थ राहतो. म्हणून तो कर्ता. ‘तोमोदाचि नो फुरुइ कासा’ (फुरुइ म्हणजे जुनी) यात ‘गा’ ठेवला तर मैत्रीणच जुनी होते, म्हणजे षष्ठी.

एक जागा अशी आहे जिथे ‘कर्ता’ हा शब्द पुरत नाही. ‘निहोन्गो गा वाकारु’ म्हणजे जपानी समजते. मराठीतही ‘मला जपानी समजते’ असं म्हणतो, तेव्हा समजणारी वस्तू जपानी असते. जपानीत त्या वस्तूला ‘गा’ लागतो आणि नामाआधीच्या वाक्यात तो ‘गा’ही ‘नो’ होऊ शकतो: ‘निहोन्गो नो वाकारु हितो’ (जपानी समजणारा माणूस), ‘पिआनो नो जोझु ना हितो’ (पियानो छान वाजवणारा). जिथे ‘गा’ होता तिथे तपासणी करायची, एवढंच लक्षात ठेवायचं. कर्ता आहे की नाही हा वाद घालत बसायची गरज नाही.

दोन्ही चालत असतील तेव्हा निवड कशी करायची? ‘से नो ताकाइ हितो’ (उंच माणूस), ‘कामि नो नागाइ हितो’ अशा छोट्या, कायमचा गुण सांगणाऱ्या रचनांत ‘नो’ फार सहज बसतो. सगळं मिळून एका विशेषणासारखं वाटतं, आपल्या ‘लांब केसांची’ सारखं. ‘तोमोदाचि गा कात्ता कासा’ मध्ये कोणी घेतली यावर थोडा भर येतो, ‘नो’ लावला की लक्ष छत्रीकडे सरकतं. फरक बारीक आहे आणि कुणी चूक काढणार नाही. लेखनात ‘नो’ थोडा मऊ, वर्णनाचा सूर देतो, म्हणून कथा-कवितांत तो जास्त भेटेल.

हे सगळं प्रमाण जपानीबद्दल झालं. क्युशु बेटावरच्या कुमामोतो किंवा नागासाकीकडच्या बोलीत स्वतंत्र वाक्यातल्या कर्त्यालाही ‘नो’ लागतो. तिथल्या आजोबांनी खिडकीबाहेर पाहून पावसाला ‘आमे नो’ म्हटलं, तर पुढे कुठलंच नाम येणार नाही. चौथ्या पायरीतली तपासणी त्या बोलीला लावू नका.